बफर द्रावण : हवा तो सामू कसा साधावा आणि द्रावणाची क्षमता कशी पारखावी

मृदा परीक्षण प्रयोगशाळेच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींच्या चिठ्ठीवर 'ॲसिटेट बफर, सामू ४.८' असे लिहिलेले आहे आणि सामूमापकावर दोन्ही द्रावणांचे वाचन खरोखरच ४.८ च्या आसपास येते. तरीही एकाच चुनखडीयुक्त जमिनीचा नमुना या दोन द्रावणांत हलवून गाळला, तर एका गाळिताचा सामू ५ च्या जवळ राहतो आणि दुसऱ्याचा ७ च्या पुढे जातो. पहिल्या गाळितातील अन्नद्रव्यांचे आकडे काहीसे विश्वसनीय असतात. दुसऱ्यातील आकडे ज्या पद्धतीच्या नावाने अहवालात छापले जातात, त्या पद्धतीचे ते नसतातच. शेतकऱ्याच्या हाती मात्र दोन्ही अहवाल सारख्याच खात्रीने पडतात आणि खताची मात्रा त्यांवरूनच ठरते.

या दोन द्रावणांतील फरक सामूचा नाही, क्षमतेचा आहे. सामू सांगतो की द्रावण या क्षणी किती आम्लधर्मी आहे. बाहेरून आम्ल किंवा आम्लारी येऊन मिळाल्यावर ते आपल्या जागी किती काळ टिकेल, हे सामू सांगत नाही. ते बफर क्षमतेवरून कळते आणि ती वेगळी तपासावी लागते. सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांपासून ठरावीक सामूचे बफर कसे तयार करावे, त्याची क्षमता कशी मोजावी आणि चुनखडीयुक्त जमिनीत ती कोठे संपते, याचा विचार येथे ॲसेटिक आम्ल व सोडियम ॲसिटेट या जोडीच्या आधारे केला आहे.

बफर टिकते कशामुळे?

ॲसेटिक आम्ल हे सौम्य आम्ल आहे. पाण्यात त्याचा फारच थोडा भाग हायड्रोजन आयन सोडतो. उरलेला भाग अविघटित राहतो. सोडियम ॲसिटेट हा त्याचा क्षार मात्र पाण्यात पूर्णपणे विघटित होऊन ॲसिटेट आयन देतो. दोन्ही एकाच द्रावणात असले, की द्रावणात दोन साठे तयार होतात. बाहेरून तीव्र आम्ल आले, तर ॲसिटेट आयन त्याचे हायड्रोजन आयन पकडतात आणि त्यांचे सौम्य ॲसेटिक आम्लात रूपांतर होते. बाहेरून आम्लारी आली, तर ॲसेटिक आम्लाचा साठा तिला उदासीन करतो आणि त्याचे ॲसिटेट बनते. दोन्ही प्रसंगी मोकळ्या हायड्रोजन आयनांची संख्या फारशी बदलत नाही, म्हणून सामूही फारसा हलत नाही.

सामू ठरतो तो या दोन साठ्यांच्या गुणोत्तरावर. त्याचे सूत्र असे:

सामू = पीकेए + लॉग (क्षाराचे मोल ÷ आम्लाचे मोल)

ॲसेटिक आम्लाचा पीकेए २५ अंश सेल्सिअसला ४.७६ आहे. क्षार व आम्ल समान असतील, तर लॉगचे मूल्य शून्य येते आणि सामू ४.७६ राहतो. क्षार आम्लाच्या दहापट झाला, तर सामू एका एककाने वाढतो. दहावा भाग झाला, तर एका एककाने घटतो. या मर्यादांच्या पलीकडे एक साठा इतका लहान होतो, की द्रावण नावापुरतेच बफर उरते. म्हणून ज्या आम्लाचा पीकेए हव्या असलेल्या सामूच्या एका एककाच्या आत असेल, तेच आम्ल निवडावे. सामू ४.८ हवा असेल, तर ॲसेटिक आम्ल जवळपास आदर्श ठरते. सामू ७ साठी ते उपयोगाचे नाही.

या सूत्रात एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. त्यात फक्त गुणोत्तर आहे, एकूण प्रमाण नाही. दोन्ही घटक दहापट सौम्य केले तरी गुणोत्तर तेच राहते आणि सामूही जवळपास तोच राहतो. साठे मात्र दहाव्या भागावर येतात. प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन बाटल्यांचे रहस्य येथेच आहे.

सामू ४.८ चे एक लिटर बफर : आकडेमोड

एकूण ०.१ मोलर तीव्रतेचे, सामू ४.८ चे एक लिटर ॲसिटेट बफर हवे आहे, असे समजू. सामूतून पीकेए वजा केल्यास ४.८० − ४.७६ = ०.०४ उरतात. ज्या संख्येचा लॉग ०.०४ आहे, ती संख्या १.१०. म्हणजे आम्लाच्या प्रत्येक एका मोलमागे क्षाराचे १.१० मोल हवेत. एकूण ०.१ मोल या प्रमाणात विभागले असता आम्ल ०.०४७७ मोल आणि क्षार ०.०५२३ मोल येतो.

इतकी थोडी मात्रा थेट मोजण्यापेक्षा प्रथम ०.२ मोलर तीव्रतेची दोन साठाद्रावणे करून ठेवणे सोयीचे पडते.

आम्लाचे साठाद्रावण : सुमारे ५०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ११.५ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल सावकाश मिसळावे व मोजफ्लास्कमध्ये १ लिटर करावे. हे आम्ल कातडी व डोळ्यांना भाजते आणि त्याची वाफ झोंबते. म्हणून हातमोजे व चष्मा वापरून धूरकपाटात किंवा उघड्या खिडकीजवळ काम करावे. पिपेट तोंडाने ओढू नये.

क्षाराचे साठाद्रावण : सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट २७.२ ग्रॅम पाण्यात विरघळवून १ लिटर करावे.

एक लिटर बफरसाठी आकडेमोडीनुसार क्षाराचे २६२ मिली व आम्लाचे २३८ मिली साठाद्रावण एकत्र घ्यावे लागते. त्यात पाणी घालून आकारमान प्रथम सुमारे ९०० मिलीपर्यंतच न्यावे. सामू जुळवण्यासाठी जागा राहावी, हा त्यामागील हेतू आहे.

आकडेमोड बरोबर, तरी वाचन ४.७ का?

आता सामूमापक प्रमाणित करावा. बाजारात मिळणाऱ्या सामू ४.० व ७.० च्या बफर गोळ्या प्रत्येकी सांगितलेल्या आकारमानात ताज्या विरघळवून, दोन्ही बिंदूंवर मापक जुळवून घ्यावा. दोन द्रावणांच्या मध्ये इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन टिपकागदाने अलगद टिपावा, चोळू नये.

वरील मिश्रणात इलेक्ट्रोड बुडवल्यावर वाचन ४.८ न येता साधारण ४.७ येते. नवख्या कार्यकर्त्याला येथे आपले वजन चुकले, असे वाटते. प्रत्यक्षात चूक नसते. द्रावणातील विद्युतभारित आयन एकमेकांना खेचतात, त्यामुळे ॲसिटेट आयनांची परिणामकारक संख्या मोजून घातलेल्या संख्येपेक्षा थोडी कमी पडते. ०.१ मोलर ॲसिटेट बफरमध्ये याचा परिणाम पीकेए सुमारे ०.०९ ने घटल्यासारखा दिसतो. द्रावण जितके तीव्र, तितका हा फरक मोठा. म्हणून सूत्र प्रारंभीचे प्रमाण देते आणि अखेरचा निर्णय सामूमापकावर सोपवावा लागतो.

सामू ४.७ वरून ४.८ वर नेण्यासाठी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ढवळत थेंबाथेंबाने घालावे. सुमारे ५ मिली पुरेसे होते. हे हायड्रॉक्साइड वेगळ्या प्रकारचे काही द्रावणात आणत नाही. थोड्या ॲसेटिक आम्लाचे सोडियम ॲसिटेट करते, म्हणजे गुणोत्तरच सुधारते. वाचन पुढे गेले, तर ॲसेटिक आम्लाच्या साठाद्रावणाने ते मागे आणावे. हायड्रोक्लोरिक आम्लाने मागे आणू नये, कारण त्यामुळे द्रावणात अनावश्यक क्लोराइड साचते. सामू स्थिर झाल्यावर १ लिटर खुणेपर्यंत पाणी घालावे, मिसळावे आणि पुन्हा एकदा वाचन घ्यावे. पुढच्या वेळी आरंभीच क्षाराचे सुमारे २८७ मिली व आम्लाचे २१३ मिली घेतले, तर जुळवणी जवळजवळ लागत नाही.

क्षमता पारखणे

बफर क्षमतेची मोजता येण्याजोगी व्याख्या १९२२ मध्ये व्हॅन स्लाइक यांनी मांडली. एक लिटर द्रावणाचा सामू एका एककाने बदलण्यास तीव्र आम्ल किंवा आम्लारीचे किती मोल लागतात, तो दर म्हणजे बफर क्षमता. क्षार व आम्ल समान असताना ती सर्वाधिक असते आणि तेव्हा ती एकूण मोलर तीव्रतेच्या ०.५८ पट भरते. ०.१ मोलर बफरची सर्वाधिक क्षमता म्हणूनच ०.०५८ च्या आसपास असते.

तिची चाचणी साधी आहे. १०० मिलीच्या चंचुपात्रात तयार बफर ५० मिली घ्यावे, चुंबकीय ढवळणीवर ठेवावे आणि इलेक्ट्रोड बुडवावा. ब्युरेटमध्ये ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल भरावे. प्रत्येक वेळी १ मिली आम्ल सोडावे, वाचन स्थिर होऊ द्यावे आणि लिहून ठेवावे. वर तयार केलेल्या बफरमध्ये साधारण पुढीलप्रमाणे वाचने अपेक्षित आहेत.

| घातलेले आम्ल (मिली) | अपेक्षित सामू |
|---|---|
| ० | ४.८० |
| १ | ४.६२ |
| २ | ४.४५ |
| ३ | ४.२५ |
| ४ | ४.० |
| ५ | ३.६ |
| ६ | २.६ |

पहिल्या दोन मिलीत १ मिलिमोल आम्ल ५० मिली द्रावणात गेले, म्हणजे प्रतिलिटर ०.०२ मोल. सामू ०.३५ ने घटला. ०.०२ ला ०.३५ ने भागले असता ०.०५७ येते. हा आकडा सर्वाधिक क्षमतेच्या आकड्याशी जुळतो. म्हणजे बफर चिठ्ठीवर लिहिलेल्या तीव्रतेचेच आहे.

तक्त्याचा खालचा भागही बोलका आहे. पहिल्या मिलीने सामू ०.१८ ने घटतो, पाचव्याने ०.४ ने आणि सहाव्याने तब्बल एका एककाने. ५० मिली बफरमध्ये ॲसिटेटचे २.८७ मिलिमोल होते आणि ५.७ मिली आम्लाने ते संपले. बफर हळूहळू थकत नाही. बराच वेळ टिकते आणि साठा संपताच एकदम कोसळते.

तुलनेसाठी ५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात त्याच आम्लाचा एकच थेंब टाकून पाहावा. थेंब ०.०५ मिलीचा असेल, तर पाण्याचा सामू ३.३ च्या आसपास उतरतो. जे काम बफरमध्ये पाच मिलीहून अधिक आम्लाला करावे लागते, ते पाण्यात एक थेंब करतो.

यानंतरचा प्रयोग सर्वांत उद्बोधक आहे. तयार बफरचे १० मिली घेऊन पाण्याने १०० मिली करावे आणि सामू पाहावा. तो ४.८ च्या किंचित वर, ४.८५ च्या जवळ दिसेल. चिठ्ठीवर 'सामू ४.८' लिहिण्यास कोणाचीही हरकत नसावी, असे हे द्रावण. आता त्याचे ५० मिली घेऊन ०.५ मोलर आम्लाचा पहिलाच मिली सोडावा. सामू २.४ च्या आसपास कोसळतो, कारण त्यात ॲसिटेटचा साठा ०.२९ मिलिमोल होता आणि घातलेले आम्ल ०.५ मिलिमोल. सामूमापकाला जे कळले नाही, ते ब्युरेटच्या एका मिलीने सांगितले.

आम्लारीच्या बाजूचीही चाचणी हवी

जमिनीच्या कामात बहुधा उलट दिशा महत्त्वाची असते. चुनखडी आम्ल खाते, म्हणून बफरचा आम्लाचा साठा किती, हे जाणणे आवश्यक ठरते. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. सामू ४.८ च्या या बफरमध्ये क्षार अधिक व आम्ल कमी आहे. त्यामुळे प्रतिलिटर सामू एका एककाने उतरवण्यास सुमारे ४५ मिलिमोल आम्ल लागते, तर एका एककाने चढवण्यास सुमारे ३६ मिलिमोल आम्लारी पुरते.

आम्लाचा साठा मोजण्यासाठी सामूमापकही लागत नाही. ५० मिली बफरमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाकून ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने फिकट, टिकून राहणाऱ्या गुलाबी रंगापर्यंत अनुमापन करावे. वरील बफरला सुमारे ४.३ मिली लागतात. नव्या तुकडीची प्रत्येक बाटली वापरात आणण्यापूर्वी हे अनुमापन केले आणि आकडा चिठ्ठीवर लिहिला, तर सौम्य झालेली बाटली लगेच ओळखू येते. हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कमकुवत होते. म्हणून ते ताजे व प्रमाणित केलेले असावे.

चुनखडीयुक्त जमिनीचे उदाहरण

अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रातील मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जाणारे निष्कर्षक द्रावण हेही सामू ४.८ चे ॲसिटेट बफरच आहे. त्यात प्रतिलिटर सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट १०० ग्रॅम व ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ३० मिली असते. म्हणजे क्षार ०.७३ मोलर व आम्ल ०.५२ मोलर. इतके तीव्र द्रावण का घेतले, हे चुनखडीच्या हिशेबावरून स्पष्ट होते.

५ ग्रॅम माती व २५ मिली द्रावण हे प्रमाण घेऊ. मातीत ४ टक्के मुक्त चुनखडी आहे, असे समजू. ५ ग्रॅम मातीत ती ०.२ ग्रॅम, म्हणजे २ मिलिमोल असते. चुनखडीचा एक मोल ॲसेटिक आम्लाचे दोन मोल खातो आणि त्यातून कॅल्शियम ॲसिटेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. म्हणजे ही माती पूर्ण विक्रिया झाल्यास ४ मिलिमोल आम्ल खाऊ शकते.

०.१ मोलर बफरच्या २५ मिलीत आम्ल जेमतेम १.१ मिलिमोल असते. ते संपल्यावर चुनखडी उरतेच आणि द्रावणाचा सामू चुनखडीच जणू ठरवू लागते. तो ७ च्या पुढे जातो. मॉर्गन द्रावणाच्या २५ मिलीत मात्र १३ मिलिमोल आम्ल असते. ४ मिलिमोल गेल्यावर ९ उरतात, ॲसिटेट १८.४ वरून २२.४ मिलिमोल होते आणि सामू साधारण ०.२५ ने वाढून ५.०५ पर्यंत जातो.

परंतु मॉर्गन द्रावणालाही मर्यादा आहे. मातीत १० टक्के चुनखडी असेल, तर १० मिलिमोल आम्ल खर्च होऊन सामू ५.६ च्या आसपास पोचतो. १३ टक्क्यांना आम्लाचा साठाच संपतो. हे आकडे सर्व चुनखडीची विक्रिया झाली, असे धरून काढले आहेत. प्रत्यक्षात हलवण्याचा काळ थोडा असतो आणि जाड खडे पूर्ण विरघळत नाहीत. त्यामुळे वाढ याहून कमी दिसू शकते. दख्खनच्या काळ्या जमिनींत किंवा उत्तर बिहारच्या चुनखडीयुक्त गाळाच्या जमिनींत चुनखडीचे हे प्रमाण दुर्मिळ नाही.

म्हणून एक सवय अंगी बाणवावी. निष्कर्षणानंतर गाळिताचा सामू मोजावा आणि नमुन्याच्या नोंदीसमोर लिहावा. सामू ४.८ वरून ०.२ पेक्षा अधिक वाढला असेल, तर त्या नमुन्याच्या आकड्याची तुलना पद्धतीच्या वर्गवारीशी करताना सावध राहावे. वाढ अर्ध्या एककाहून अधिक असेल, तर तो आकडा अहवालात देऊ नये. द्रावण-माती प्रमाण वाढवून आकडा मिळवण्याचा मोह टाळावा. प्रमाण बदलले की वर्गवारीचे आधारमूल्यही लागू राहत नाही. अशा जमिनींसाठी त्यांच्यासाठीच घडवलेल्या पद्धती आहेत. स्फुरदासाठी ऑल्सेन यांची ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट पद्धत सामू ८.५ वर चालते. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठीचे डीटीपीए द्रावण सामू ७.३ वर बफर केलेले असते आणि त्यामागील एक हेतू चुनखडी विरघळू न देणे, हाच आहे.

चूक कोठे होते आणि ती कशी ओळखावी?

सर्वाधिक आढळणारी चूक क्षाराच्या बाटलीतून सुरू होते. सोडियम ॲसिटेट दोन रूपांत मिळते: पाण्याचे तीन रेणू असलेले ट्रायहायड्रेट, ज्याचे मोलवजन १३६ आहे, आणि निर्जल, ज्याचे मोलवजन ८२ आहे. मॉर्गन द्रावणासाठी १०० ग्रॅम ट्रायहायड्रेटऐवजी ६०.३ ग्रॅम निर्जल क्षार पुरतो. चिठ्ठी न वाचता निर्जल क्षारच १०० ग्रॅम घातला, तर क्षार १.२२ मोलर होतो आणि सामू सुमारे ०.२ ने वाढून ५.० च्या आसपास येतो. मग तो खाली आणण्यासाठी आम्ल घातले जाते, सामू जुळतो आणि चूक झाकली जाते. द्रावण मात्र ठरलेल्या तीव्रतेचे राहत नाही. जुळवणीला अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आम्ल किंवा आम्लारी लागली, तर सामू जुळवत बसू नये. वजन व बाटलीची चिठ्ठी पुन्हा तपासावी.

दुसरी चूक थंडीत होते. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते. उत्तर भारतातील हिवाळ्यात बाटलीत अर्धे स्फटिक व अर्धा द्रव दिसतो. आम्लात थोडे पाणी असेल, तर ते द्रव भागात साचते. असा द्रव मोजून घेतला, की आम्ल कमी पडते. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्यावी, उलटसुलट करून मिसळावी आणि मगच मोजावी. ज्वालेवर किंवा गरम तव्यावर ती कधीही ठेवू नये. या आम्लाची वाफ पेट घेते.

मॉर्गन द्रावणाची तीव्रता फिनॉल्फ्थॅलीनच्या अनुमापनाने झटपट पारखता येते. द्रावण १० मिली, पाणी ४० मिली आणि ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड असे घेतल्यास सुमारे १०.४ मिली लागतात. आकडा स्पष्टपणे कमी आला आणि सामू मात्र ४.८ असला, तर आम्ल व क्षार दोन्ही कमी पडले आहेत, म्हणजे द्रावण सौम्य झाले आहे. आकडा कमी आणि सामू जास्त असेल, तर केवळ आम्ल कमी पडले आहे. आकडा बरोबर असून सामू जास्त असेल, तर क्षार जास्त झाला आहे. सामू आणि अनुमापन ही दोन वाचने एकत्र पाहिली, तरच दोष नेमका कोणता, हे कळते.

अखेरची बाब साठवणीची. ॲसिटेट हे सूक्ष्मजीवांचे अन्न आहे. ठेवून दिलेल्या द्रावणात, विशेषतः सौम्य द्रावणात, काही आठवड्यांत तरंगणारे धागे किंवा गढूळपणा दिसू लागतो. असे द्रावण गाळून वापरू नये, टाकून द्यावे. बाटली घट्ट बुचाची असावी व शीतकपाटात ठेवावी. वापरण्यापूर्वी द्रावण खोलीच्या तापमानास येऊ द्यावे. चिठ्ठीवर सामूबरोबर एकूण मोलर तीव्रता, तयार केल्याची तारीख, क्षार ट्रायहायड्रेट की निर्जल आणि अनुमापनाचा आकडा, या चार नोंदी असाव्यात. त्या असतील, तर फळीवरील दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांतून योग्य बाटली उचलताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.